शेजार मोजताना: डेंग्यूचे वॉर्डनिहाय आकडे आणि मोरानची कसोटी

मंडळी, डेंग्यूच्या हंगामात आरोग्य विभागाच्या भिंतीवर एक नकाशा लागतो. वॉर्डांचे तुकडे, त्यांत फिकट ते गडद लाल रंग. त्या नकाशापुढे उभा राहिलेला जवळजवळ प्रत्येक जण कुठेतरी बोट ठेवून म्हणतो, "इथे पुंजका दिसतोय." दिसतो खरा. पण माणसाच्या डोळ्याला पुंजके फार सहज दिसतात. मूठभर तांदूळ जमिनीवर फेकले तरी त्यात दिसतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: हा पुंजका निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती होती?

याचं उत्तर द्यायला बहुतेक जण मोरानचा निर्देशांक वापरतात. पॅट्रिक मोरान या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञाने 1950 साली तो मांडला. आज तो संगणकावर एका क्लिकमध्ये निघतो, आणि म्हणूनच तो नेमका काय विचारतो याकडे आपलं दुर्लक्ष होतं. आज आपण तो हातानेच काढू. त्यासाठी एक काल्पनिक शहर घेऊ, मुद्दाम लहान, म्हणजे काही लपून राहणार नाही.

नऊ चौकोनी वॉर्ड, तीन ओळी आणि तीन रकाने. प्रत्येकाची लोकसंख्या 10,000. एका महिन्यात एकूण 36 रुग्ण. वरच्या ओळीतल्या तीन वॉर्डांत प्रत्येकी 8, उरलेल्या सहांत प्रत्येकी 2. सरासरी 4. म्हणजे वरचे तीन सरासरीच्या 4 ने वर आणि बाकीचे 2 ने खाली. या फरकांचे वर्ग करून सरासरी घेतली की 8 येते. हे झालं विचरण.

आता शेजार. ज्यांची एक कड सामाईक आहे ते शेजारी मानू. अशा जोड्या 12 भरतात. प्रत्येक जोडीतल्या दोन फरकांचा गुणाकार करायचा. दोन्ही वॉर्ड चढे असतील तर 4 गुणिले 4, म्हणजे 16. अशा दोन जोड्या. एक चढा आणि एक उतरता असेल तर उणे 8, अशा तीन. दोन्ही उतरते असतील तर 4, अशा सात. बेरीज 32 उणे 24 अधिक 28, म्हणजे 36. बारा जोड्यांवर सरासरी 3. तिला विचरणाने, म्हणजे 8 ने भागलं की 0.375. हाच मोरानचा निर्देशांक. शेजाऱ्यांच्या फरकांचा सरासरी गुणाकार भागिले विचरण. त्यात याहून गूढ काही नाही.

0.375 मोठा की लहान? हे आकड्याकडे बघून सांगता येत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, योगायोगाने अपेक्षित असलेली किंमत शून्य नसते; ती उणे 1 भागिले (वॉर्ड वजा 1) असते, इथे उणे 0.125. पण खरा निवाडा फेरमांडणीने होतो. तेच नऊ आकडे घ्या आणि वॉर्डांवर वाटेल तसे पुन्हा मांडा. मोठ्या शहरात सगळ्या मांडण्या तपासणं अशक्य, म्हणून संगणक 999 वेळा पिसतो. आपल्या शहरात मात्र तीन चढे वॉर्ड निवडण्याच्या एकूण 84 रीती आहेत, त्यामुळे एकूण एक तपासता येतात. त्यांपैकी 0.375 किंवा त्याहून जास्त निर्देशांक देणाऱ्या फक्त चार निघतात: वरची ओळ, खालची ओळ, डावा रकाना, उजवा रकाना. 84 पैकी 4, म्हणजे पी-मूल्य 0.048. रूढ 0.05 च्या रेषेखाली. पुंजका "लक्षणीय" ठरला.

आता तेच तीन चढे वॉर्ड ओळीत न ठेवता कोपऱ्यात काटकोनात ठेवा: कोपऱ्याचा वॉर्ड आणि त्याचे दोन शेजारी. डोळ्याला हा पुंजका ओळीपेक्षाही घट्ट वाटेल. निर्देशांक मात्र 0.25 येतो, आणि इतका किंवा जास्त देणाऱ्या मांडण्या आठ होतात. पी-मूल्य 0.095. लक्षणीय नाही!

इथे थांबू नका. शेजाराची व्याख्या बदला. आत्तापर्यंत आपण हत्तीचा नियम वापरला, बुद्धिबळातला हत्ती जसा सरळच जातो तसा. आता वजिराचा नियम लावा, म्हणजे नुसता कोपरा टेकला तरी शेजारी. जोड्या 12 च्या 20 होतात. वरच्या ओळीचा निर्देशांक 0.125 वर घसरतो आणि तिचं पी-मूल्य 0.095 होतं. काटकोनाचा 0.2 होतो आणि त्याचं पी-मूल्य 0.048. दोन्ही निकाल अगदी अदलाबदल झाले. रुग्ण तेच, नकाशा तोच. फक्त शेजारी कोणाला म्हणायचं हे आपण बदललं.

हे लहान शहराचं नाटक आहे असं कुणी म्हणेल, आणि खऱ्या शंभर वॉर्डांत फरक इतका टोकाचा नसतोही. पण दिशा तीच असते. खऱ्या शहरात तर मधून नदी किंवा रेल्वेमार्ग जातो. नकाशावर कड सामाईक असते पण माणसांची ये-जा दोन किलोमीटर लांबच्या पुलावरून. म्हणून शेजाराचा नियम आकडे पाहण्याआधी ठरवून लिहून ठेवावा, आणि अहवालात दुसऱ्या नियमाचा निकालही द्यावा. तीन नियम चालवून जो जमला तो छापणं याला विश्लेषण म्हणत नाहीत.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. समजा सगळेच्या सगळे 36 रुग्ण कोपऱ्यातल्या एकाच वॉर्डात आहेत आणि बाकी आठ वॉर्डांत शून्य. समान लोकसंख्येच्या नऊ वॉर्डांत एकेक रुग्ण स्वतंत्रपणे पडला असता, तर सगळे एकाच वॉर्डात जमण्याची शक्यता 9 च्या 35व्या घातात एक. एवढा ढळढळीत उद्रेक. मोरानला विचारा. हत्तीच्या नियमाने निर्देशांक उणे 0.06 च्या आसपास, पी-मूल्य 9 पैकी 4, म्हणजे 0.44. मोरान म्हणतो, काहीच विशेष नाही.

तो खोटं बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न आहे "शेजारी एकमेकांसारखे आहेत का?" उद्रेक आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. फेरमांडणीत तो 36 चा आकडा जसाच्या तसा उचलून दुसऱ्या वॉर्डात ठेवतो. एवढा आकडा आला कुठून, हा प्रश्न तिथे उठतच नाही. आणि डेंग्यूच्या बाबतीत हे नुसतं तात्त्विक नाही. एडिस इजिप्ती डास सहसा आपल्या उगमापासून दोनेकशे मीटरच्या आतच वावरतो. कित्येक वॉर्ड याच्या कैक पटींनी रुंद असतात. म्हणजे डासामुळे झालेला खरा पुंजका बहुधा एका वॉर्डाच्या पोटातच मावतो आणि शेजारी वॉर्डापर्यंत पोहोचतच नाही. वॉर्ड पातळीवर शेजारसाम्य दिसलंच, तर त्यामागे बहुतेक वेळा पाणी साठवण्याची सारखी सवय, सारखी वस्ती, किंवा रोग अंगात घेऊन फिरणारी माणसं असतात. त्यामुळे मोरानबरोबर साधी काय-वर्ग कसोटीही चालवा. ती वॉर्डावॉर्डांत फरक आहे का ते सांगते, मोरान तो फरक शेजारधर्म पाळतो का ते सांगतो. पहिलीचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही आलं, तर पुंजका बहुधा वॉर्डाच्या आत आहे. मग पत्त्यांच्या पातळीवर उतरावं लागेल.

आतापर्यंत प्रत्येक वॉर्ड दहा हजारांचा होता. खऱ्या शहरात 500 वस्तीचाही एखादा असतो आणि 50,000 चाही. शहराचा दर 10,000 मागे 4 धरा. लहान वॉर्डात अपेक्षित रुग्ण 0.2. तिथे किमान एक रुग्ण निघण्याची शक्यता सुमारे 18 टक्के, आणि एक निघाला की दर 10,000 मागे 20, शहराच्या पाचपट. मोठ्या वॉर्डाला तोच दर गाठायला 100 रुग्ण लागतील, अपेक्षित फक्त 20 असताना. नकाशावर दोघांचा रंग मात्र एकच गडद लाल. नुसते दर पिसले की संगणक त्या लहान वॉर्डाचा 20 उचलून मोठ्या वॉर्डावर ठेवतो, जिथे तो योगायोगाने कधीच आला नसता. शिवाय लहान वॉर्ड अनेकदा एकमेकांना लागून असतात, त्यामुळे दोन-तीन उड्या शेजारी पडल्या की खोटा पुंजका तयार. रेनातो असुन्साव आणि एडना रेइस यांनी 1999 साली यावर उपाय दिला: प्रत्येक वॉर्डाचा सरासरीपासूनचा फरक त्याच्या लोकसंख्येला साजेशा प्रमाण विचलनाने भागून मग मोरान काढायचा. पायथनच्या `esda` मध्ये हे `Moran_Rate` या नावाने मिळतं. त्याला दर नाही, रुग्णसंख्या आणि लोकसंख्या वेगवेगळ्या द्यायच्या. नुसत्या दरांचा निकाल लक्षणीय आणि या दुरुस्तीनंतरचा नाही, असं झालं तर आधी लहान वॉर्डांची यादी काढा.

तपासणीच्या सोयीचा परिणाम यातल्या कुठल्याच कसोटीला कळत नाही. चार लगतच्या वॉर्डांना मिळून एकच प्रयोगशाळा असेल आणि तिथे प्रत्येक तापाचा रक्तनमुना तपासला जात असेल, तर ते चारही चढे दिसतील, आणि मोरान आनंदाने शिक्का मारील. तेव्हा किती नमुने तपासले आणि त्यांतले किती पॉझिटिव्ह आले हे बघावं. तपासण्या दुप्पट आणि पॉझिटिव्हचं प्रमाण इतरांइतकंच असेल, तर पुंजका तपासणीचा असू शकतो.

शेवटी स्थानिक मोरानबद्दल, कारण नकाशावर लाल ठिपके देतो तो हाच. ल्यूक अँसेलिन यांनी 1995 साली मांडलेली ही पद्धत प्रत्येक वॉर्डाची वेगळी कसोटी घेते. शंभर वॉर्ड म्हणजे शंभर कसोट्या, 0.05 ची रेषा धरली तर रोग अगदी समान पसरलेला असतानाही सुमारे पाच वॉर्ड लाल होणार. यावर बॉनफेरोनीची दुरुस्ती लावायची, म्हणजे रेषेला कसोट्यांच्या संख्येने भागायचं, तर ती 0.0005 वर न्यावी लागते. पण 999 वेळा पिसून मिळणारं सर्वांत लहान पी-मूल्य 0.001 असतं. म्हणजे कितीही भयंकर उद्रेक असला तरी एकही वॉर्ड ती रेषा ओलांडू शकत नाही, आणि अहवालात "एकही पुंजका आढळला नाही" असं छापून येतं. पिसण्याची संख्या 9,999 करा किंवा बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने चुकीच्या शोधांचं प्रमाण आवरा. अनेक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून 999 भरलेलं असतं. ती चौकट आधी बदला, मग बटण दाबा.