बोलिंगच्या कार्डावरची बेरीज कुठे चुकते

पडद्यावरचा हा फोटो पाहा. हाताने भरलेलं दहा फ्रेमचं कार्ड आहे आणि शेवटच्या चौकोनात १६४ लिहिलंय. ही बेरीज बरोबर आहे का?

आधी फक्त वरच्या खुणा वाचू: X, ७ /, ९ –, X, X, ८ १, ६ /, X, ७ २, आणि दहाव्या फ्रेममध्ये ९ / X. X म्हणजे स्ट्राइक, फ्रेमच्या पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडल्या; तिरकी रेघ म्हणजे स्पेअर, उरलेल्या पिना दुसऱ्या चेंडूत पाडल्या; आणि आडवी रेघ म्हणजे शून्य. स्ट्राइकला १० अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण मिळतात, स्पेअरला १० अधिक पुढच्या एकाच चेंडूचे. इथे ‘चेंडू’ हा शब्द घट्ट धरून ठेवा. पुढची ‘फ्रेम’ मिळवायची असं समजलात की गणित बिघडतं.

पहिल्या स्ट्राइकला १० + ७ + ३ म्हणजे २०. दुसऱ्या फ्रेमच्या स्पेअरला १० + ९ म्हणजे १९, एकूण ३९. तिसरीत ९, एकूण ४८. कार्डावरही २०, ३९, ४८ असंच आहे. चौथ्या फ्रेमला मात्र वाटा फुटतात. कार्डावर ६८ आहे, म्हणजे भरणाऱ्याने २० धरले. पण या स्ट्राइकनंतरचा पहिला चेंडू पुन्हा स्ट्राइक आहे, आणि दुसरा चेंडू थेट सहाव्या फ्रेममधला ८. म्हणून १० + १० + ८ म्हणजे २८, एकूण ७६. भरणारा पाचव्या फ्रेमपाशीच थांबला आणि ते ८ राहून गेले.

पुढे जाण्याआधी फोटोतली एक शंका मिटवू. सहाव्या फ्रेममधला १ थोडा कललेला आहे, तो स्पेअरची रेघही असू शकेल. खालचे आकडे पाहा: पाचव्याखाली ८७, सहाव्याखाली ९६. फरक ९. स्पेअर असता तर १० + ६ म्हणजे १६ चा फरक दिसला असता. तेव्हा तो १ च आहे. भरणाऱ्याची एकूण बेरीज चुकलेली असली, तरी शेजारच्या दोन आकड्यांमधला फरक असा साक्ष देतो.

आता उरलेले भराभर: ९५, १०४, १२४, १४३, १५२. दहाव्या फ्रेममध्ये ९, १ आणि १० असे २० मिळवायचे. स्पेअरनंतरचा जादा चेंडू एकदाच मोजायचा, त्याला स्वतःचा बोनस नसतो. एकूण १७२. चौथ्या फ्रेमपासून कार्डावरचा प्रत्येक आकडा आपल्यापेक्षा नेमका ८ ने कमी आहे. फरक वाढतही नाही, घटतही नाही, त्यामुळे पुढे दुसरी चूक शोधत बसायला नको.

खात्रीसाठी मी एकदा वेगळ्या वाटेनेही मोजतो. पाडलेल्या पिना १०७. पहिल्या नऊ फ्रेममधले बोनस १०, ९, १८, ९, १० आणि ९, म्हणजे ६५. दोन्ही मिळून १७२ च येतात.