पेन्सिल परत सुरुवातीला आली पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार. आज खरेदीखताच्या शेवटच्या पानांबद्दल बोलायचं आहे. तिथे मिळकतीचं वर्णन असतं: गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा. आपल्याकडच्या बहुतेक खतांत एवढंच असतं. पण खासगी सर्वेअरकडून मोजून घेतलेल्या जमिनीच्या खतात हल्ली प्रत्येक बाजूची दिशा आणि लांबीही लिहिलेली आढळते. ‘उत्तर १० अंश पूर्व, ४८ मीटर’ अशी. हे वाचून कुणालाच काही कळत नाही, म्हणून सगळे पान उलटतात आणि सही करतात. त्या आकड्यांवरून कागदावर नकाशा काढून पाहिला, तर ते बरोबर आहेत की नाही हे अर्ध्या तासात समजतं. मी मोजणीचं काम करतो, आणि एका जमिनीवरून ते कसं करायचं हे सांगतो.

आडगाव शिवारातली द्राक्षबागेलगतची जमीन. घेणारे गृहस्थ नव्या खताचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. वर्णन जुन्या खतातून जसंच्या तसं उतरवलेलं होतं. क्षेत्र २०.४० आर, म्हणजे २०४० चौरस मीटर. (आर म्हणजे गुंठा नव्हे बरं का. गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, तो आरपेक्षा किंचित मोठा.) सुरुवात नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या दगडापासून. तिथून उत्तर १० अंश पूर्व, ४८ मीटर. मग दक्षिण ८० अंश पूर्व, ४२ मीटर. मग चारीच्या कडेने दक्षिण ५ अंश पश्चिम, ५४ मीटर. आणि शेवटी उत्तर ८४ अंश पश्चिम, ४६ मीटर, परत दगडापाशी.

ही भाषा वाचायची रीत सोपी आहे. ‘उत्तर १० अंश पूर्व’ म्हणजे आधी उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं, मग पूर्वेच्या बाजूला १० अंश वळायचं आणि चालू लागायचं. ‘दक्षिण ८० अंश पूर्व’ असेल तर तोंड आधी दक्षिणेला, आणि तिथून पूर्वेकडे ८० अंश वळायचं, म्हणजे जवळजवळ पूर्वच.

आता आलेखाचा कागद, कोनमापक, पट्टी आणि टोकदार पेन्सिल घ्या. प्रमाण एकास पाचशे, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवरचे ५ मीटर. ४८ मीटरची रेघ ९.६ सेंटिमीटर, ४२ ची ८.४. कागदावरच्या उभ्या रेघा म्हणजे उत्तर–दक्षिण. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. पहिली बाजू काढली की दुसऱ्या बाजूचा कोन तो पहिल्या बाजूपासून मोजतो. तसं करायचं नाही. प्रत्येक कोपऱ्यावर कोनमापक पुन्हा उभ्या रेघेवर बसवायचा, कारण खतातला प्रत्येक कोन उत्तर–दक्षिण रेघेपासून मोजलेला असतो.

चौथी बाजू संपली की पेन्सिल दगडाच्या ठिपक्यावर परत यायला हवी. माझी आली नाही. ती ठिपक्याच्या खाली, १८ मिलिमीटरवर थांबली. हाताने काढलेल्या नकाशात थोडं अंतर पडतंच. या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर, आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटरची तफावत पेन्सिलीच्या आणि कोनमापकाच्या खात्यावर टाकता येते. १८ मिलिमीटर म्हणजे ९ मीटर. ते पेन्सिलीचं काम नव्हे.

ही फट नुसती ‘चूक आहे’ एवढंच सांगत नाही, चूक कुठे आहे तेही बऱ्याचदा सांगते. एखाद्या बाजूची फक्त लांबी चुकली असेल, तर फट त्या बाजूला समांतर पडते आणि फटीची लांबी चुकीइतकीच असते. मी ठिपका आणि पेन्सिल थांबली ती जागा रेघेने जोडली, गुण्या त्या रेघेला लावला आणि पट्टीवरून सरकवत प्रत्येक बाजूपाशी नेला. पहिल्या बाजूशी ५ अंशांनी हुकला. तिसऱ्या बाजूवर, चारीच्या कडेवर, तंतोतंत बसला. ५४ मधून ९ गेले, ४५ उरले. टाइप करणाऱ्याने अंक उलटे मारले होते.

पण ४५ बरोबर हे अजून ठरलं नव्हतं. म्हणून तिसरी बाजू ९ सेंटिमीटरची करून आकृती पुन्हा काढली. ती मिटली. मग आतले चौकोन मोजले. १ सेंटिमीटरचा एक चौकोन म्हणजे २५ चौरस मीटर. कडेचे अर्धेमुर्धे धरून साधारण ८२ भरले, म्हणजे २०५० चौरस मीटर. खतात २०४०. जुळलं. ही दुसरी तपासणी कधी सोडू नका. समोरासमोरच्या दोन समांतर बाजू सारख्याच अंतराने चुकल्या तर आकृती छान मिटते, आणि घोटाळा फक्त क्षेत्रफळातच दिसतो.

लांबीऐवजी दिशा चुकली तर मामला जरा अवघड होतो. समजा, त्या तिसऱ्या बाजूच्या ‘दक्षिण ५ अंश पश्चिम’चं ‘दक्षिण ५ अंश पूर्व’ झालं असतं. मग फट त्या बाजूला समांतर नाही, जवळजवळ काटकोनात पडली असती, साधारण १६ मिलिमीटरची. आता काटकोनात म्हणजे शेजारच्या दोन बाजूंना जवळजवळ समांतर! आयतासारख्या जमिनीत हे फसवं असतं. एका बाजूची दिशा चुकली की शेजारच्या बाजूची लांबी चुकल्यासारखं दिसतं. तिथे कागदावर भांडत बसू नये, फिता घेऊन जागेवर जावं आणि संशयातल्या बाजू मोजाव्यात. आणि फट एखाद्या बाजूच्या दुप्पट निघाली, तर ती बाजू उलट्या टोकाकडून लिहिली गेली आहे का, ते आधी बघावं.

आम्हीही फिता नेला. चारीची कड ४५ मीटर आणि वर थोडे सेंटिमीटर भरली. होकायंत्र मात्र मी पिशवीतच ठेवलं. द्राक्षबागेत लोखंडी अँगल आणि तारा असतात, त्यांच्याजवळ सुई भरकटते. ती भरकटली आहे का, हे ओळखायचं तर एकाच बाजूची दिशा दोन्ही टोकांवरून घ्यावी. दोन वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक हवा. तो नसेल, तर निदान एका टोकाशी लोखंड आहे.

एक गोष्ट मात्र या नकाशाला सांगता येत नाही. आकृती मिटली आणि क्षेत्र जुळलं, तरी तो तुकडा गटात नेमका कुठे बसतो हे त्यातून कळत नाही. अख्खी आकृती शेजाऱ्याच्या बांधात ३ मीटर सरकवली तरी ती तितकीच छान मिटते. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत लागते. दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवला गेला म्हणजे त्यातली मापं कुणी जागेवर पडताळली, असंही नसतं.

आमच्या मसुद्यात ५४ चे ४५ करायला वकिलांना दोन मिनिटं लागली. पण विकणाऱ्यांच्या स्वतःच्या जुन्या खतात ५४ तसेच होते. ते बदलायचे तर चूक दुरुस्तीचा दस्त नोंदवायला हवा आणि त्यावर ज्याने त्यांना जमीन विकली त्याचीही सही हवी. ते गृहस्थ कधीच दिंडोरीकडे राहायला गेलेले. त्यांचा पत्ता काढण्यात तीन आठवडे गेले, आणि खरेदी तोवर थांबली.