तेहेतीस जिंकलेले सौदे आणि सहा हजारांचा तोटा

नमस्कार. आजच्या विषयाची सुरुवात मी एका वहीपासून करतो. शेअर बाजारात अल्पमुदतीचे सौदे करणाऱ्या एका गृहस्थांनी ती मला विश्वासाने पाहायला दिली होती. तीत चाळीस सौद्यांची नोंद होती. तेहेतीस सौद्यांत नफा आणि सातांत तोटा, म्हणजे विन रेट साडेब्याऐंशी टक्के. तरीही खात्यातले पैसे कमी का झाले, हे त्यांना उमगत नव्हते. नफ्याच्या सौद्यांची सरासरी ९०० रुपये होती, म्हणून एकूण नफा २९,७००. तोट्याच्या सौद्यांची सरासरी ५,१०० रुपये होती, म्हणून एकूण तोटा ३५,७००. सहा हजार रुपये गेले होते, आणि गृहस्थ मात्र आपले बाजाराचे वाचन बरोबर आहे या समाधानात होते.

एका सौद्यात ५,१०० गमावण्याची आणि ९०० मिळवण्याची रीत पत्करली, तर नुसती बरोबरी साधण्यासाठी किती वेळा जिंकावे लागेल? जोखमीला जोखीम आणि लाभ यांच्या बेरजेने भागायचे. ५,१०० भागिले ६,०००, म्हणजे ८५ टक्के. त्यांना ८५ टक्के हवे होते आणि त्यांच्याकडे साडेब्याऐंशी होते. कागदावर उत्तम दिसणारा त्यांचा विन रेट त्यांच्याच पद्धतीला अपुरा पडत होता. हा भागाकार सौदा करण्यापूर्वी करता येतो, आणि तो त्याच वेळी करायला हवा, कारण पैसे गुंतले की माणूस टार्गेट, म्हणजे नफा घेऊन विकायचा भाव, आणि स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी विकायचा भाव, दोन्ही आपल्या सोयीने पाहू लागतो.

आता एक सौदा मांडून पाहू. समजा, एक शेअर ५२० पर्यंत जाऊन परत फिरला आहे, खाली ४८८ च्या आसपास दोनदा सावरला आहे आणि सध्या ५०० ला मिळतो आहे. पहिला प्रश्न असा, की कोणता भाव आला तर आपला अंदाज चुकला असे आपण मान्य करू? ४८८ चा आधार तुटला तर, म्हणून स्टॉप लॉस थोडा खाली, ४८६ ला. दुसरा प्रश्न, वर अडथळा कुठे आहे? ५२० ला. म्हणजे जोखीम १४ रुपये आणि लाभ २० रुपये. त्यात खर्च धरायचा. डिलिव्हरीच्या सौद्यात, म्हणजे शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात घेऊन ठेवतो तेव्हा, खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी लागतो. ५०० च्या शेअरवर दोन्ही मिळून सुमारे एक रुपया. बाकीची शुल्के तूर्त बाजूला ठेवली, तरी जोखीम १५ आणि लाभ १९ झाला. १५ भागिले ३४ केले, की साधारण ४४ टक्के येतात. अशा मांडणीचे सौदे याहून अधिक वेळा जिंकता येतील असा पुरावा आपल्या मागच्या नोंदींत असेल, तरच ५०० ला घेण्यात अर्थ आहे.

हाच शेअर ४९४ ला मिळाला तर खर्चासह जोखीम ९ आणि लाभ २५ होतो, आणि लागणारा विन रेट २६ टक्क्यांवर येतो. वरचा आणि खालचा भाव बाजाराने ठरवलेला आहे. त्यांच्यामधल्या ३४ रुपयांची वाटणी कशी व्हावी, एवढेच आपल्या खरेदीच्या भावाने ठरते. म्हणून थांबणे हाही या हिशेबाचाच भाग आहे. भाव ४९४ ला आलाच नाही तर तो सौदा सोडून द्यायचा.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. थांबवत नाही म्हणून ते ५०० लाच घेतात आणि गुणोत्तर चांगले दिसावे म्हणून स्टॉप लॉस ४९३ वर आणतात. कागदावर सातास वीस, म्हणजे जवळपास एकास तीन. पण हा शेअर रोज दहा-बारा रुपये सहज वरखाली होत असेल, तर ४९३ हा भाव काही न बिघडताही येईल आणि स्टॉप लॉस लागेल. गुणोत्तर सुधारल्याचा भास होतो आणि जिंकण्याची शक्यता मुकाट्याने खाली येते.

माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट इथेच आहे. बाजार कोणत्याच बाजूला कललेला नाही आणि आपल्याला काहीही विशेष कळलेले नाही, असे क्षणभर धरा. तेव्हाही ५०० ला घेतलेला शेअर ४८६ च्या आधी ५२० ला पोहोचण्याची शक्यता १४ भागिले ३४, म्हणजे सुमारे ४१ टक्के असते. खर्च न धरता बरोबरीसाठी लागणारा आकडाही नेमका तोच आहे. म्हणजे केवळ एकास तीन गुणोत्तर निवडल्याने नफा होत नाही, आणि केवळ विन रेट वाढवल्यानेही होत नाही. कौशल्य न वाढवता विन रेट हवा तितका वाढवता येतो: ५०० ला घेऊन टार्गेट ५०२ आणि स्टॉप लॉस ४८२ ठेवा. कललेला नसलेला बाजार तुम्हाला दहापैकी नऊ वेळा जिंकून देईल. एक रुपया खर्च वजा जाता नऊ सौद्यांत मिळून प्रत्येक शेअरमागे ९ रुपये मिळतील आणि दहाव्या सौद्यात १९ जातील. म्हणून कोणी नुसता नव्वद टक्के विन रेट सांगितला, तर त्यातून टार्गेट जवळ आणि स्टॉप लॉस दूर आहे एवढाच अर्थ निघू शकतो. त्याचे बाजाराचे ज्ञान त्यातून कळत नाही.

ऑप्शन विकणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने दिसते. दूरच्या भावाचे पुट, म्हणजे बाजार त्या भावाखाली पडला तर भरपाई देण्याचा करार, विकून त्याची थोडी किंमत, म्हणजे प्रीमियम, घ्यायचा, तो महिनोन्‌महिने सुखरूप पदरात पडतो. ३ जून २०२४ ला निफ्टी २३,२६३.९० ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती आणि तो २१,८८४.५० ला बंद झाला. एका दिवसात जवळपास सहा टक्क्यांची घसरण. पुट विकून बसलेल्यांचा विन रेट आदल्या संध्याकाळी अतिशय देखणा असू शकत होता, कारण त्यांच्या पद्धतीतला मोठा तोटा तोवर नोंदीत आलेलाच नव्हता. वेगवान घसरणीत स्टॉप लॉसही ठरवलेल्याच भावाला लागेल याची शाश्वती नसते, म्हणून प्रत्यक्षातली जोखीम हिशेबातल्या जोखमीहून मोठी ठरू शकते.

तोटा नोंदीत न येण्याचा घरगुती प्रकारही आहे. दिवसभरासाठी घेतलेला शेअर पडला, की तो विकायचा नाही, डिलिव्हरीत घेऊन ठेवायचा. सौदा बंदच झाला नाही, म्हणून तो हरलेल्यांत मोजला जात नाही. विन रेट पाहताना उघड्या सौद्यांचा आजचा तोटा शेजारी मांडलाच पाहिजे.

आता त्या वहीकडे परत येतो. आम्ही प्रत्येक सौद्यासमोर दोन रकाने वाढवले: खरेदीपूर्वी ठरवलेली जोखीम आणि प्रत्यक्षात झालेला तोटा. सातपैकी सहा तोटे मिळून १९,५०० रुपयांचे होते आणि ते ठरवलेल्या जोखमीच्या आसपासच होते. सातवा एकटाच १६,२०० रुपयांचा होता. त्याच्यासमोर पहिल्या रकान्यात ३,००० हा आकडा होता, आणि वहीच्या समासात त्यांच्याच हस्ताक्षरात स्टॉप लॉसचे तीन भाव एकाखाली एक लिहून, वरचे दोन खोडलेले होते.