पडायला आधी शिकवा

कोल्हापूर. सकाळचे साडेसहा. या शहरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं खेळतात. पेठेतलं बारकं पोरगंही आपण पाटाकडीलचे की दिलबहारचे, ते छाती ठोकून सांगतं. गोलात कोण थांबणार म्हटलं, की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. आज मैदानावर फक्त गोलकीपर आलेत. दहा ते बारा वर्षांचे.

सुरुवात हातांनी. छातीच्या वर येणाऱ्या बॉलला अंगठे जवळ, बोटं पसरलेली, हात बॉलच्या मागे. कंबरेखालच्या बॉलला करंगळ्या जवळ, आणि बॉल आला की सरळ छातीशी कवळायचा. जरा कान द्या. हात सैल ठेवून धरलेला बॉल फारसा वाजत नाही. ताठ तळव्यावर आपटला की वाजतो, आणि सुटतो.

आता ही दोरी बघा. दोन टोकं दोन्ही पोलना बांधलीत, मध्यभाग सरांच्या हातात, बॉलपाशी. गोल सोळा फूट रुंद, बॉल समोर चाळीस फुटांवर. निळ्या जर्सीतला पोरगा रेषेवर उभा आहे, त्याला सोळाच्या सोळा फूट राखायचेत. सर म्हणतात, "दहा फूट पुढं ये." आता दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर बाराच फूट. बॉल डावीकडे नेला, तरी हा आपला गोलासमोर मधोमध. डावीकडची दोरी लांब गेलेली त्याला स्वतःलाच दिसते. तो सरकतो. फार पुढं गेला, तर बॉल डोक्यावरून जाणार, हेही त्याला लगेच कळतं.

आणि आता डाइव्ह. इथं घाई नाही. पोलच्या दोन्ही बाजूंची माती फावड्यानं उकरून भुसभुशीत केलीय. आधी बसून कलायचं, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवं. उभ्यानं उडी सगळ्यात शेवटी. बॉलच्या बाजूचा पाय तिरका पुढं टाकायचा, मागं नाही. आधी पोटरीची बाजू टेकते, मग मांडी, कुल्ला, खांदा. पोट नाही, कोपर नाही. एक हात बॉलच्या मागे, दुसरा वर. खालून तिसरा हात जमीन देते.

चूक ओळखायला सर कपडे बघतात. या पोराच्या कोपराला माती, मांडी कोरी. म्हणजे हा हात टेकवून पडला. पुन्हा गुडघ्यांवर.

आपल्याकडं पहिल्याच मॅचला उभ्यानं उडी मारायला लावतात. मनगटं दुखावतात, पोरं गोलात थांबणंच सोडतात.

निळ्या जर्सीतला पुन्हा पडतो. बॉल सुटतो, पण तो बॉलकडे बघत नाही. वळून आधी मांडी बघतो. कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत मातीचा एकच लांब पट्टा.

"सर, बघा!"