मल्टिमीटरला न दिसणारे ५० ओहम

मंडळी, आजचा विषय एका विद्यार्थिनीच्या प्रश्नावरून ठरला. तिनं विचारलं होतं, "सर, केबलवर ५० ओहम असं छापलंय. मल्टिमीटर लावला तर तो काहीच दाखवत नाही. दुसऱ्या टोकाला तार आणि जाळी एकमेकांना जोडली, तर जवळजवळ शून्य दाखवतो. मग हे ५० ओहम आहेत कुठे?"

पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत मिळतं: Z0 = √(L/C). उत्तर बरोबर आहे, पण तिनं जे विचारलं त्याला ते भिडत नाही. तिला सूत्र नको होतं. तिला ते ओहम पाहायचे होते, आणि ते पाहता येतात. कितीतरी वर्षं मी शिक्षकांना सांगत आलोय की वर्गमूळ नंतर शिकवा, आधी विद्युतभार मोजायला लावा. आज ते तुमच्यासमोर करून दाखवतो. त्यानंतर केबल आणि तिच्या टोकाला जोडलेली वस्तू यांची जुळणी नसली तर काय होतं, तेही सांगायचंय. तेवढा वेळ मिळावा अशी अध्यक्षांना आत्ताच विनंती करून ठेवतो.

आरजी-५८ ही आपली नेहमीची काळी, बारीक कोअॅक्स घ्या. मधे तार, भोवती पॉलिथिलीन, त्यावर तांब्याची जाळी आणि वर आवरण. तार आणि जाळी समोरासमोर आहेत, मधे विद्युतरोधक आहे, म्हणजे हा एक लांबलचक कपॅसिटर झाला. त्याची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते, म्हणजे सेंटिमीटरला एक. दुसरी गोष्ट, या केबलमधून विद्युत दाब प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगानं पुढे सरकतो, म्हणजे एका नॅनोसेकंदात २० सेंटिमीटर. एवढे दोनच आकडे लक्षात ठेवा.

आता एका टोकाला एक व्होल्ट जोडा. पहिल्या नॅनोसेकंदात २० सेंटिमीटर केबल एक व्होल्टला आली. तिची धारिता २० पिकोफॅरड, म्हणून तिला २० पिकोकूलंब विद्युतभार द्यावा लागला. पुढच्या नॅनोसेकंदात पुढचे २० सेंटिमीटर, पुन्हा २० पिकोकूलंब. दर नॅनोसेकंदाला २० पिकोकूलंब म्हणजे २० मिलिअँपिअर. एक व्होल्ट लावला आणि २० मिलिअँपिअर वाहू लागले. भागाकार करा. ५० ओहम!

हे आकडे वहीत मांडून बघा, कारण यात तीन गोष्टी एकदम स्पष्ट होतात. पहिली, केबलची लांबी या हिशेबात कुठेही आली नाही. दोन मीटर असो वा दोनशे, दाब पुढे सरकत असेपर्यंत प्रवाह तोच. दुसरी, हे ५० ओहम उष्णता करत नाहीत. स्रोताकडून निघालेली ऊर्जा केबलमध्ये भरत जाते, अर्धी विद्युतक्षेत्रात आणि अर्धी चुंबकीय क्षेत्रात. तिसरी, सूत्रातला एल, म्हणजे इंडक्टन्स, कुठे गेला असं विचाराल तर तो वेगात बसलाय. तारेतला प्रवाह वाढायला चुंबकीय क्षेत्र उभं राहावं लागतं, म्हणून दाब एका क्षणात सगळीकडे पोचत नाही. मीटरला २५० नॅनोहेन्री इंडक्टन्स आणि १०० पिकोफॅरड धारिता मिळून तो वेग ठरवतात. पुस्तकातलं वर्गमूळ इथूनच येतं.

टीव्हीची ७५ ओहमची आरजी-५९ घेतली, तर तिच्यातली मधली तार रोधकाच्या मानानं बारीक असते. धारिता उतरून मीटरला ६७ पिकोफॅरडवर येते. वेग तोच. त्यामुळे दर नॅनोसेकंदाला सुमारे १३ पिकोकूलंब पुरतात, प्रवाह कमी होतो आणि भागाकार ७५ येतो. हे ५० किंवा ७५ ओहम म्हणजे केबलचा इम्पिडन्स, आणि तो ठरतो दोन व्यासांच्या गुणोत्तरावर आणि मधल्या पदार्थावर. केबल किती जाड आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

मग मल्टिमीटरला हे का दिसत नाही? कोरड्या पाटात पाणी सोडलं की पुढचं टोक बंद आहे की मोकळं, हे विहिरीपाशी लगेच कळत नाही. पाणी तिथवर जाऊन तुंबलं आणि ते तुंबणं मागे आलं, की मग कळतं. १० मीटर केबलमध्ये जायला ५० आणि यायला ५० नॅनोसेकंद लागतात. तुम्ही मीटरच्या पडद्याकडे नजर वळवेपर्यंत हा सगळा खेळ संपलेला असतो आणि मीटर टोकाला काय आहे तेवढंच सांगतो. आपल्याकडे अजिबात रोध नसलेली तार असती आणि तिची केबल चंद्रापर्यंत ताणली असती, तर साध्या मल्टिमीटरनंही जवळजवळ चार सेकंद ५० ओहम दाखवले असते. हसू नका, हिशेब करा: अंतर ३,८४,००० किलोमीटर, वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर, आणि जाऊन यायचं.

इथे ऑलिव्हर हेविसाइडचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तारखात्यात काम केलेला, विद्यापीठाची पायरी न चढलेला हा माणूस. कोअॅक्सिअल रचनेचं पेटंट त्यानं इंग्लंडमध्ये १८८० साली घेतलं आणि तारेतून दाब कसा सरकतो याची समीकरणंही त्यानंच मांडली. त्याच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान ठेवा, मी येईन.

आता माझ्या मनातला एक जुना सल. ज्यांनी नव्वदच्या दशकात ऑफिसात नेटवर्क सांभाळलं, त्यांना पातळ कोअॅक्सचं इथरनेट आठवत असेल. सगळी मशिनं एकाच आरजी-५८ वर, प्रत्येकाच्या पाठीशी एक टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. तो दिसायला बाटलीच्या टोपणासारखा. एका ऑफिसात सकाळी सगळं नेटवर्क बंद पडलं. तार शाबूत, मशिनं शाबूत. शोधता शोधता कळलं की टेबल पुसताना कुणीतरी शेवटचं "टोपण" काढून खणात ठेवलं होतं. त्याला ना वायर, ना दिवा, मग उपयोग काय, असं त्यांना वाटलं असणार.

ते काढल्यावर दोन गोष्टी झाल्या. उघड्या टोकावरून प्रत्येक संदेश पुरा परतू लागला आणि पुढच्या बिट्सवर आदळू लागला. त्याहून वाईट म्हणजे, या पद्धतीत प्रत्येक कार्ड बोलताना केबलमधून सरासरी ४१ मिलिअँपिअर खेचतं. दोन टर्मिनेटर समांतर असले की २५ ओहम, म्हणजे दाब सुमारे एक व्होल्ट. दोन कार्डं एकदम बोलली तर दाब दुप्पट होतो, आणि त्यावरूनच कार्ड टक्कर झाल्याचं ओळखतं. एक टर्मिनेटर गेला की ५० ओहम उरतात आणि एकटं कार्ड बोललं तरी दाब दुप्पट. प्रत्येक मशीनला वाटणार की आपली कुणाशी तरी टक्कर झाली. ते थांबणार, पुन्हा बोलणार, पुन्हा थांबणार. हा दोष मात्र मल्टिमीटरनं सापडतो. मशिनं बंद करून एका मोकळ्या टी-कनेक्टरवर मीटर लावायचा. २५ च्या जरासं वर आलं तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. ५० च्या आसपास आलं तर एक गेला.

दुसऱ्या एका ऑफिसात काय झालं, तेच मला जास्त बोचतं. तिथे पार्टिशनं हलवली, केबल अपुरी पडली आणि कंत्राटदारानं तीन-चार ठिकाणी टीव्हीच्या केबलचे तुकडे घातले. बीएनसी कनेक्टर बसले, वर टेप गुंडाळला, काम झालं. मीटर लावला तर २५ पेक्षा थोडं जास्त, म्हणजे सगळं ठीक! नेटवर्क बंद नव्हतं, पण मोठी फाइल पाठवली की अडखळायचं. आधी दोष सॉफ्टवेअरला दिला, मग कार्डं बदलली, मग सर्व्हरवर शंका. महिनोन्‌महिने हे चाललं. शेवटी छतामागे टॉर्च घेऊन चढल्यावर आवरणावर छापलेलं ७५ ओहम वाचायला मिळालं. ते अक्षर तिथे पहिल्या दिवसापासून होतं, कुणी वाचलं नव्हतं. ७५ ओहम म्हणजे काय हे त्या कंत्राटदाराला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि आजही आपण ते कुणाला धड सांगत नाही. माझा राग त्यावर आहे.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. खरा कबूल केलेला भाग आता भरभर सांगतो.

५० ओहमच्या केबलमधून एक व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर निघालेत. टोकाला ७५ ओहमचा रोध आहे. त्याला एक व्होल्टला १३ मिलिअँपिअरच हवेत आणि येतायत २०. हा हिशेब जुळायलाच हवा, आणि तो एकाच मार्गानं जुळतो: एक नवी लहर मागे निघते. ती किती मोठी, हे Γ = (Z − Z0)/(Z + Z0) यावरून मिळतं. इथे २५ भागिले १२५, म्हणजे ०.२. म्हणून दाब १.२ व्होल्ट होतो, आणि २० मधून ४ मिलिअँपिअर मागे फिरून १६ उरतात. १.२ व्होल्ट आणि १६ मिलिअँपिअर, म्हणजे बरोबर ७५ ओहम. टोक उघडं असेल तर Γ एक, दाब दुप्पट. टोक जोडलेलं असेल तर उणे एक, दाब शून्य. ५० ओहमच लावला तर शून्य, मागे काहीच येत नाही. टर्मिनेटरचं सगळं काम एवढंच.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींसाठी दोन वाक्यं. ७५ ओहमच्या भारावर शक्तीचा ०.२ चा वर्ग, म्हणजे ४ टक्के भाग परततो. १०० वॉटमधले ४. एसडब्ल्यूआर १.५ येतो आणि बहुतेक ट्रान्समीटर तो सहज सोसतात. ५० आणि ७५ हेच का, तर हवा भरलेल्या कोअॅक्समध्ये संदेशाचा क्षय सर्वांत कमी सुमारे ७७ ओहमला असतो आणि जास्तीत जास्त शक्ती सुमारे ३० ओहमला जाते. टीव्ही ग्रहण करायला पहिलं सोयीचं, आणि प्रक्षेपणासाठी मधलं ५० निवडलं गेलं.

राहता राहिला टीव्हीच्या केबलचा तुकडा शोधायचा प्रश्न. खड्या कडेचा लांब पल्स पाठवा आणि पाठवल्याच जागी ऑसिलोस्कोप लावा. लहर जाऊन परत येते, म्हणून दर नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर धरा. सुरुवातीला रेषा एक व्होल्टवर दिसेल. ४०० नॅनोसेकंदांनी ती १.२ वर चढली, म्हणजे ४० मीटरवर काहीतरी ७५ ओहमचं सुरू झालं. आणखी १२० नॅनोसेकंदांनी ती पुन्हा एकच्या जवळ उतरली, म्हणजे १२ मीटरनंतर पुन्हा ५० ओहमची केबल आली. लांब केबलमध्ये क्षयामुळे पायऱ्या गोलसर होतात, आणि तुकडा फारच छोटा असेल तर चढणं-उतरणं एकमेकांत मिसळून दिसेनासं होतं. पण १२ मीटरचा तुकडा लपत नाही. कुठे चढायचं, हे शिडी आणण्याआधीच कळतं.