पोटातलं आम्ल पोटालाच का जाळत नाही?

श्रोतेहो, नमस्कार. ऊसतोडीचा हंगाम संपवून बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतलेली एक बाई माझ्याकडे आली होती. "डॉक्टर, पित्त लई वाढलंय. मिरची सोडली, तरी आग थांबंना." तिची नखं पांढरीफटक पडली होती. संडास कशी होते, असं विचारलं, तर म्हणाली, "काळीकुट्ट, डांबरावानी."

आपण ज्याला पित्त म्हणतो, ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त यकृतात तयार होतं. हे आम्ल बनवतात जठराच्या अस्तरातल्या पॅरायटल पेशी, आणि त्यांची पद्धत मला आजही थक्क करते. कारण तयार आम्ल त्या स्वतःच्या पोटात ठेवतच नाहीत. पेशीत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एकत्र येतं, आणि त्यातून दोन गोष्टी निघतात: हायड्रोजनचा आयन आणि बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातला आम्ल मारणारा भाग. पेशीच्या पडद्यावरचा पंप हायड्रोजनला बाहेर ढकलतो आणि बदल्यात पोटॅशियम आत घेतो. क्लोराइड वेगळ्या वाटेनं बाहेर पडतं. दोघांची गाठ बाहेर पडते, आणि तिथं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं.

मग मागे राहिलेल्या बायकार्बोनेटचं काय होतं? ते रक्तात उतरतं. जठराच्या भिंतीतलं ते रक्त बारीक केशवाहिन्यांमधून वर, पृष्ठभागाकडे जातं. तिथल्या पेशी त्यातलं बायकार्बोनेट उचलून आपल्या बुळबुळीत श्लेष्माच्या थराखाली सोडतात. म्हणजे जी पेशी आम्ल करते, तीच त्याचा उताराही पाठवते. त्यामुळे थराच्या वर सामू एक-दोन असतो आणि खाली, पेशींजवळ, जवळजवळ सात, साध्या पाण्यासारखा. शिवाय वरच्या पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात.

श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि भिंतीचा रक्तपुरवठा, तिन्ही टिकवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच बनू देत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून ही बाई फडात रोज दोन गोळ्या घेत होती. आम्ल नेहमीइतकंच होतं, भिंत मात्र उघडी पडली होती. दुर्बिणीनं पाहिलं, तर जठरात व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. आम्लात रक्त काळं पडतं, म्हणून संडास डांबरासारखी. लोहाच्या गोळीनंही ती काळी होते, पण अशी चिकट आणि उग्र वासाची नाही.

जठरात व्रण करणारा एच. पायलोरी हा जंतू आहे का, याची तपासणी केली, तो सापडला नाही. मग वेदनाशामक गोळी बंद केली, रक्त चढवलं आणि पंप बंद पाडणारं ओमेप्रॅझोल सुरू केलं. सकाळी, जेवणाआधी अर्धा तास, कारण जेवणानं पंप जागे होतात आणि औषध जाग्या पंपांनाच धरतं. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली, तेव्हा व्रण भरला होता. मिरची तिनं त्याआधीच सुरू केली होती.