तारखेवरून आर्थिक वर्ष: सूत्र एका ओळीचं, घोळ तारखेत

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर बघा. बँकेच्या स्टेटमेंटची एक्सेल शीट आहे, A कॉलममध्ये तारखा. आपल्याला शेजारी 2023-24 असं आर्थिक वर्ष हवंय. 31 मार्च 2024 चा व्यवहार 2023-24 मध्ये आणि दुसऱ्याच दिवशीचा 2024-25 मध्ये.

बरेच जण लांबलचक IF लिहितात. मी तारखेलाच तीन महिने मागे ढकलतो. मग एप्रिलचा होतो जानेवारी, मार्चचा होतो आधीच्या वर्षाचा डिसेंबर, आणि आर्थिक वर्ष आपोआप कॅलेंडरच्या वर्षावर येऊन बसतं.

```
=YEAR(EDATE(A2,-3))&"-"&TEXT(EDATE(A2,9),"yy")
```

31 मार्च 2024 तीन महिने मागे गेला की 31 डिसेंबर 2023, म्हणजे 2023. नऊ महिने पुढे नेला की 31 डिसेंबर 2024, त्यातले शेवटचे दोन आकडे 24. झालं 2023-24.

आता खरी गंमत. आमच्या सोसायटीचा हिशेब करताना मी इथेच तोंडावर आपटलो होतो. स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली. माझ्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना, मग दिवस. 31/03/2024 मध्ये एक्सेलला 31 वा महिना सापडेना, म्हणून त्याने ती तारीख मजकूर म्हणून ठेवली आणि सूत्राने #VALUE! दाखवलं. ही चूक बरी, निदान दिसते तरी! पण 04/03/2024, म्हणजे आपला 4 मार्च, एक्सेलने बिनतक्रार 3 एप्रिल केला. सूत्र बरोबर, उत्तर 2024-25, आणि मेंटेनन्सची एक पावती थेट पुढच्या वर्षात!

ओळखायचं कसं? कॉलम रुंद करा. खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये दोन्ही दिसले, तर उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवू नका. त्यांतल्या दिवस-महिन्यांची अदलाबदल झालेली असणार. शीटमध्ये दुरुस्त्या करत बसू नका. मूळ फाइल पुन्हा डाउनलोड करा, नाव बदलून .txt करा आणि एक्सेलमधून उघडा. विझार्ड येईल. दुसऱ्या पायरीवर Comma निवडा, तिसऱ्या पायरीवर तारखेच्या कॉलमला Date: DMY द्या.

आणि जुने हिशेब असतील तर अजून एक खोडी. सूत्रातून आलेलं 2011-12 ठीक राहतं. पण तेच हाताने टाइप केलं, किंवा सीएसव्हीत सेव्ह करून परत उघडलं, की एक्सेल त्याचा डिसेंबर 2011 करून टाकतं. 2012-13 ला काही होत नाही, कारण तेरावा महिना नसतो! जुन्या वर्षांसाठी मी लेबलच्या आधी FY लावतो. FY2011-12 ला एक्सेल हात लावत नाही.